दहा टक्क्यांचा भागीदार

दिवाळीनंतर हिंगणघाटच्या बाजार समितीकडे कापसाच्या गाड्यांची रीघ लागते. या गावाच्या नावाने एकोणिसाव्या शतकात कापसाची एक जातच ओळखली जायची, आणि आजही वर्धा जिल्ह्यातला रोखीचा मोठा व्यवहार कापसाच्या मागेच धावतो. वर्धा, देवळी, आर्वी, पुलगाव, सिंदी, कुठेही जा, गावाबाहेर एखादी जिनिंग-प्रेसिंग दिसतेच. यातल्या बऱ्याच जिनांच्या फाटकावरच्या पाटीत शेवटी ‘अँड सन्स’, ‘ब्रदर्स’ किंवा ‘अँड कंपनी’ असते. या ‘कंपनी’चा कंपनी कायद्याशी संबंध नसतो. ती १९३२च्या भारतीय भागीदारी कायद्याखालची पेढी असते, आणि या एका फरकावर कित्येकांची घरे टिकतात किंवा जातात.

१९७२ साली राज्यात एकाधिकार कापूस खरेदी आली. त्या काळात जिनवाला प्रामुख्याने सरकी काढून, रुई दाबून देण्याची मजुरी घ्यायचा. कापूस त्याचा नसायचा, त्यामुळे भावाची जोखीमही त्याची नसायची. खासगी खरेदी खुली झाल्यावर जिनवाला स्वतःच व्यापारी झाला. एका क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते. १७० किलोची एक गाठ बांधायची तर पाच क्विंटल कापूस लागतो, आणि शेतकऱ्याला पैसा लगेच द्यावा लागतो. हजार गाठी गोदामात ठेवायच्या म्हणजे पाच हजार क्विंटलचे पैसे आधी मोजायचे. एवढी रोकड कुठल्याच पेढीकडे नसते. म्हणून बँकेचे कॅश क्रेडिट, बाजाराच्या भाषेत ‘सीसी’.

पुढचे सगळे एका नमुन्याच्या पेढीवर मांडतो. पेढी काल्पनिक आहे, आकडे हिशेब कळावा म्हणून बांधलेले आहेत, कायदा मात्र खरा आहे.

हिंगणघाटात एक जिन आहे असे समजा. चार भागीदार. थोरला भाऊ ४० टक्के, धाकटा ३०, त्यांचा मेहुणा २०, आणि चौथा समुद्रपूरचा कृषी सेवा केंद्रवाला, १० टक्के. चौथ्याने ओळखीपोटी दहा लाख घातले, वर्षाकाठी हिशेबाला यायचा, नफ्यातला वाटा घेऊन जायचा. बँकेने पेढीला चार कोटींची सीसी मर्यादा दिली. तारण दोन प्रकारचे. गोदामातला माल, म्हणजे कापूस, रुई आणि सरकी, हायपोथिकेशनमध्ये. आणि जिनाची जागा व यंत्रे गहाण.

त्या दिवशी बँकेत काय काय सही झाले, हे चौघांपैकी बहुधा एकालाही सांगता येणार नाही. कागदांचा गठ्ठा इंग्रजीत असतो, पेन्सिलच्या फुल्या आधीच मारलेल्या असतात, आणि शाखेतला माणूस ‘इथे, इथे आणि इथे’ म्हणत पाने उलटत जातो. त्या गठ्ठ्यातले दोन कागद महत्त्वाचे. एक ‘पार्टनरशिप लेटर’. त्यात सगळे भागीदार लिहून देतात की पेढीच्या देण्याला आम्ही एकत्रितपणे आणि प्रत्येकजण स्वतंत्रपणेही जबाबदार आहोत, आणि पेढीच्या रचनेत बदल झाला तर बँकेला लेखी कळवू. दुसरा ‘गॅरंटी’चा. त्यात प्रत्येक भागीदार व्यक्ती म्हणून पेढीच्या कर्जाची हमी देतो. ही हमी एका रकमेपुरती संपत नाही. खाते चालू आहे तोवर ती ‘चालती’ राहते.

पहिला कागद नसता तरी फारसे बिघडले नसते. भागीदारी कायद्याचे कलम २५ तेच सांगते: माणूस भागीदार असताना पेढीने केलेल्या प्रत्येक कृत्याला तो इतर सगळ्यांसह आणि एकटाही जबाबदार असतो. हिस्सा किती, याचा त्या कलमात उल्लेखच नाही. ४०-३०-२०-१० हे आकडे चौघांनी आपापसात ठरवलेले आहेत आणि ते चौघांपुरतेच बांधील आहेत. बँकेला सत्तर लाख येणे असेल तर ती पूर्ण सत्तर लाख चौथ्याकडे मागू शकते आणि थोरल्याकडे एक नोटीसही धाडू नये, असेही होऊ शकते. ‘आधी पेढीकडून वसूल करा, मग माझ्याकडे या’ हे म्हणणे जामीनदारालाही चालत नाही. बँक ऑफ बिहारच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६८ सालीच सांगितले की धनकोने आधी मूळ कर्जदाराच्या मागे लागून थकायचे, मग जामीनदाराकडे वळायचे, असे बंधन नाही. जामीन असतोच त्यासाठी.

घरातल्या बाईचे नाव ‘नुसते नावापुरते’ भागीदार म्हणून घालण्याची पद्धत आपल्याकडे आहे. कायद्याला नावापुरता भागीदार ठाऊक नाही. तिची सही बँकेत आहे, म्हणजे तिचे दागिने विकून घेतलेला वर्धेतला प्लॉटही त्या जबाबदारीत आला.

आता खरा पेच. २०२१-२२च्या हंगामात कापूस कधी नव्हे एवढा चढला. चौथ्याला वाटले, नफ्यातच बाहेर पडावे. ३१ मार्च २०२२ला त्याने निवृत्तीचा करारनामा केला. स्टॅम्पपेपरवर लिहिले की त्याचे दहा लाख आणि नफा परत मिळाला, आणि यापुढे पेढीचे सगळे देणे उरलेले तिघे भागवतील. नोटरीचा शिक्का मारला. पेढे वाटले. बँकेला कोणी सांगितले नाही, कारण ‘हिशेब आपसातला’. त्या दिवशी सीसी खात्यात पेढीकडे ३ कोटी ४० लाख येणे होते, पण गोदामात त्याहून जास्त किमतीचा माल होता. चिंता कशाची?

चौथ्याच्या त्या स्टॅम्पपेपरचा तिघांविरुद्ध उपयोग आहे, बँकेविरुद्ध शून्य. कलम ३२चे दोन भाग इथे वेगवेगळे वाचावे लागतात, आणि बहुतेक लोक (खरे तर काही वकीलही) ते एकत्र करून टाकतात.

पहिला भाग निवृत्तीपूर्वीच्या कर्जाचा. त्यातून सुटका हवी तर बँक, उरलेले भागीदार आणि निवृत्त होणारा, अशा तिघांमध्ये करार हवा. बँकेला कळल्यानंतर तिने नव्या रचनेशी ज्या रीतीने व्यवहार केला त्यावरूनही असा करार झाल्याचे मानता येते, पण ते सिद्ध करावे लागते. २००३ साली सिंडिकेट बँकेच्या एका दाव्यात उच्च न्यायालयाने निवृत्त भागीदारांना मोकळे केले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवले, कारण बँकेने त्यांना सोडायला कधी संमती दिलीच नव्हती. म्हणून निवृत्त होणाऱ्याने पाहायची गोष्ट ही: पुढच्या वर्षी मर्यादेचे नूतनीकरण झाले तेव्हा बँकेने नवे कागद कोणाकोणाकडून घेतले? निवृत्ती माहीत असताना तिघांचीच सही आणि तिघांचीच नवी हमी घेतली असेल, तर ती फाइल चौथ्याच्या हातातले सर्वात चांगले शस्त्र आहे. आमच्या चौथ्याच्या बाबतीत बँकेला निवृत्ती माहीतच नव्हती, तेव्हा हा मार्ग बंद.

दुसरा भाग निवृत्तीनंतरच्या कर्जाचा. माणूस पेढीतून गेला तरी जाहीर नोटीस होईपर्यंत तो बाहेरच्यांना भागीदारच असतो. ही नोटीस कशी, ते कलम ७२ सांगते. नोंदणीकृत पेढी असेल तर भागीदारी संस्थांच्या निबंधकाकडे कळवायचे, शासकीय राजपत्रात छापायचे, आणि पेढी जिथे चालते त्या जिल्ह्यात खपणाऱ्या किमान एका स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रात द्यायचे. तिन्ही हवे. नुसती पेपरातली चौकट पुरत नाही. ज्याला तो भागीदार असल्याचे ठाऊकच नव्हते त्याच्यापुरती सूट आहे, पण बँकेकडे तर चौथ्याचा फोटो चिकटवलेला फॉर्म होता.

इथे चालत्या खात्याची एक गंमत येते. तिचे मूळ लंडनमधल्या १८१६च्या क्लेटनच्या खटल्यात आहे, आणि तोही भागीदारीचाच होता. एका खासगी बँकेचा एक भागीदार १८०९मध्ये वारला. क्लेटन नावाच्या ठेवीदाराने त्यानंतरही खाते चालू ठेवले, पैसे काढले, भरले. पुढे बँक बुडाली तेव्हा त्याने मेलेल्या भागीदाराच्या इस्टेटीवर हक्क सांगितला. न्यायालय म्हणाले, चालत्या खात्यात जे आधी आले ते आधी फिटले. मृत्यूच्या दिवशीची शिल्लक तू नंतर काढलेल्या रकमांनीच संपवलीस, आता उरले ते जिवंत भागीदारांचे देणे. आपल्या करार कायद्याच्या कलम ६१मध्ये हाच क्रम आहे: कोणीच वेगळे ठरवले नसेल तर भरणा तारखेच्या ओळीने जमा होतो.

हे आमच्या पेढीला लावून पाहा. ३१ मार्चचे देणे ३ कोटी ४० लाख. एप्रिल ते जूनमध्ये गाठी विकून खात्यात साडेतीन कोटी भरले गेले, आणि त्याच काळात मागे राहिलेला कापूस चढ्या भावाने घ्यायला ३ कोटी ६५ लाख पुन्हा उचलले. जूनअखेर खात्यावर ३ कोटी ५५ लाख दिसतात, पण त्यात चौथ्याच्या काळातला एक रुपयाही नाही. जुने कर्ज फिटले, हे सगळे नवे आहे. म्हणजे त्याने जाहीर नोटीस दिली असती, आणि हमीही पुढच्या व्यवहारांपुरती लेखी मागे घेतली असती (करार कायद्याचे कलम १३० ती मुभा देते), तर त्याच्याविरुद्ध बँकेच्या हातात फारसे काही उरले नसते. म्हणूनच बँका भागीदाराच्या मृत्यूची किंवा निवृत्तीची बातमी लागताच सीसी खाते तिथेच थांबवतात आणि पुढच्या व्यवहाराला नवे खाते उघडतात. ग्राहकांना ती बँकेची अडेलतट्टू वृत्ती वाटते. जुन्याची जबाबदारी भरण्यात विरघळू नये म्हणून केलेली ती तटबंदी असते. काही हमीपत्रांत या क्रमाच्या नियमावर पाणी सोडणारे कलमही असते. ते आपल्या कागदात आहे का, हे सहीआधी वाचायला हवे.

निवृत्तीच्या दिवशी चौथ्याला लागणारे कागद म्हणजे: त्या तारखेचा खातेउतारा, बँकेच्या पोचेसह हमी मागे घेतल्याचे पत्र, आणि कलम ७२ची तिहेरी नोटीस. खर्च काही हजारांचा. त्याने पेढ्यांवर बहुधा तेवढाच केला.

मे २०२२मध्ये रुईच्या खंडीचा, म्हणजे ३५६ किलोंचा, भाव लाखाच्या वर गेला. पुढच्या काही महिन्यांत तो उतरत साठ-पासष्ट हजारांच्या आसपास आला. लाखाच्या भावाने एक गाठ सुमारे ४७,७५० रुपयांची. हजार गाठी ४ कोटी ७८ लाखांच्या. बँक त्यावर २५ टक्के मार्जिन कापून ३ कोटी ५८ लाखांपर्यंत उचलू देते, याला ‘ड्रॉइंग पॉवर’ म्हणतात. भाव बासष्ट हजारांवर आला की तीच गाठ २९,६०० रुपयांची होते, हजार गाठी २ कोटी ९६ लाखांच्या, आणि ड्रॉइंग पॉवर २ कोटी २२ लाखांवर येते. खात्यावर मात्र ३ कोटी ५५ लाख उचललेले. माल जागचा हललेला नाही, आणि तरी सव्वा कोटीच्या वर भोक.

अशा वेळी स्टॉक स्टेटमेंटमध्ये खोट शिरते. थोरल्याने तीनशे गाठी गुपचूप विकून शेतकऱ्यांची आणि दलालांची देणी भागवली, आणि महिन्याच्या पत्रकात हजारच लिहिल्या. बँकेचा अधिकारी तपासणीला आला तेव्हा थप्पी बाहेरून भरीव होती, आत पोकळ. गाठींवरचे प्रेसचे क्रमांक पत्रकाशी ताडून पाहिले तर महिना-दोन महिने आधीच ते उघडे पडले असते. खोट्या पत्रकाची फौजदारी ज्याने सही केली त्याच्यावर. पण दिवाणी देणे? भागीदार हा पेढीचा मुखत्यार असतो, त्यामुळे थोरल्याने घातलेला खड्डा चौघांचा झाला.

व्याज ९० दिवस थकले, खाते एनपीए झाले. बँकेने सरफेसी कायद्याखाली साठ दिवसांची मागणी नोटीस काढली. सातशे गाठी विकून २ कोटी ७ लाख आले. उरलेले १ कोटी ४८ लाख व्याज आणि खर्चासह १ कोटी ६५ लाखांवर गेले. जिनाची जागा व यंत्रे लिलावात ९५ लाखांना गेली. शिल्लक सत्तर लाख.

इथपर्यंत बँकेला न्यायालयाचे तोंड पाहावे लागले नाही, कारण माल आणि जिन तारण होते. पण चौथ्याचा वर्धेतला प्लॉट किंवा समुद्रपूरचे दुकान कोणी गहाण ठेवले नव्हते. सरफेसीची नोटीस हातात घेऊन बँक त्याच्या प्लॉटवर कुलूप लावू शकत नाही, आणि कोणी तशी धमकी दिली तर ‘हे कुठल्या तारणपत्रात आहे?’ एवढे विचारावे. वीस लाख आणि त्यावरची रक्कम असल्याने बँक नागपूरच्या कर्ज वसुली न्यायाधिकरणात जाते. चौघांची नावे घालते. वसुलीचा दाखला मिळाला की मग मात्र प्लॉट, दुकान, बँकेतल्या ठेवी, सगळ्यावर जप्ती येऊ शकते. यात निवड दाखलेदाराची. थोरल्याच्या घरावर आधीच गृहकर्ज आहे, धाकटा त्याच घरात राहतो, मेहुण्याच्या नावावर काहीच नाही. सर्वात मोकळी आणि चटकन विकली जाणारी मालमत्ता दहा टक्केवाल्याची. जप्ती तिथेच सुरू होते.

आपल्या भागात एक समजूत घट्ट बसलेली आहे: ‘शेतीला बँक हात लावू शकत नाही.’ सरफेसीत शेतजमिनीच्या तारणाला सूट आहे, हे खरे. पण ती सूट त्या एका झटपट मार्गापुरती. न्यायाधिकरणाच्या किंवा दिवाणी न्यायालयाच्या हुकमाने शेतजमीन जप्त होऊ शकते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६०ने वाचते ते शेतकऱ्याचे राहते घर, अवजारे, बैल, आयुर्विम्याचे पैसे, पीपीएफ. तेही शेती हीच ज्याची उपजीविका आहे अशाचे घर. औषधे-खतांचे दुकान चालवणारा स्वतःला शेतकरी म्हणवून घेईल, पण न्यायालय सातबाऱ्यासोबत दुकानाचा परवानाही पाहील.

दिवाळखोरीचा मार्ग? २०१६च्या दिवाळखोरी संहितेतली भागीदारी पेढ्यांसाठीची कलमे लागू झालेली नाहीत. तेव्हा वर्ध्यातल्या भागीदाराला आजही १९२०चा प्रांतिक दिवाळखोरी कायदा घेऊन जिल्हा न्यायालयात जावे लागते.

पोरांचे काय, असा प्रश्न बऱ्याच घरांत येतो, कारण नफ्यात वाटा देण्यासाठी अज्ञान मुलाचे नाव घातलेले असते. तो पेढीतल्या वाट्यापुरताच गुंततो, घरचे-दारचे जात नाही. पण सज्ञान झाल्यावर सहा महिन्यांत त्याने ‘मी भागीदार होत नाही’ अशी जाहीर नोटीस दिली नाही, तर तो भागीदार ठरतो, आणि जबाबदारी अठराव्या वर्षापासून नव्हे, पहिल्यांदा नाव घातले त्या दिवसापासून मागे लागते. बेळगावच्या एका पेढीचे असेच झाले. पेढी १९५१मध्ये विसर्जित झाली, मुलगा त्यानंतर सज्ञान झाला, आणि नोटीस दिली नाही म्हणून धनको त्याला दिवाळखोर ठरवायला निघाले. १९६४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडवले, कारण तो सज्ञान झाला तेव्हा पेढीच उरली नव्हती, मग भागीदार व्हायचे कशात? पेढी आणखी थोडी जगली असती तर निकाल उलटा लागू शकला असता.

समजा चौथ्याने प्लॉट विकून सत्तर लाख भरले. आता स्टॅम्पपेपर कामाला येतो. निवृत्तीच्या करारात तिघांनी सगळे देणे अंगावर घेतले होते, म्हणून तो पूर्ण सत्तर लाख मागू शकतो. निवृत्त झालाच नसता तर हिस्स्याप्रमाणे त्रेसष्ट: थोरल्याकडून २८, धाकट्याकडून २१, मेहुण्याकडून १४. पण ते पैसे बँकेने काढून द्यायचे नाहीत. त्यासाठी वेगळा दावा, वेगळी कोर्ट फी, आणि ज्यांच्याकडे नाही म्हणूनच बँक आपल्याकडे आली त्यांच्याविरुद्ध हुकूम.

पेढीची नोंदणीच नसेल तर दारात आणखी एक अडचण उभी राहते. कलम ६९ नोंदणी नसलेल्या पेढीच्या भागीदाराला पेढीवर किंवा इतर भागीदारांवर करारातल्या हक्कासाठी दावा लावू देत नाही. बाहेरच्याने पेढीवर दावा लावायला मात्र काहीच आडकाठी नाही. म्हणजे बँक तुमच्यावर जाऊ शकते, तुम्ही भावावर नाही. मूळ कायद्यात विसर्जनाच्या आणि हिशेबाच्या दाव्याला सूट होती. महाराष्ट्राने १९८४मध्ये दुरुस्ती करून तीही काढून घेतली होती, लोकांनी नोंदणी करावी म्हणून. परिणाम असा झाला की नोंदणी नसलेल्या पेढीत अडकलेला माणूस धड बाहेर पडू शकत नव्हता, धड हिशेब मागू शकत नव्हता. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली. त्यामुळे आज चौथा निदान पेढीचे विसर्जन आणि हिशेब मागू शकतो.

बँकेशी एकरकमी तडजोड करून एकट्याची सुटका करून घेण्याचाही रस्ता आहे. चौथा वीस लाख भरतो, बँक त्याला सोडते, उरलेल्या पन्नास लाखांसाठी तिघांवर जाते. करार कायद्याचे कलम ४४ याला परवानगी देते: एकाला सोडले म्हणून बाकीचे सुटत नाहीत. पण त्याच कलमाच्या शेवटी एक वाक्य आहे, आणि तडजोडीच्या घाईत ते राहून जाते. बँकेने सोडलेला माणूस इतर भागीदारांच्या जबाबदारीतून मात्र सुटत नाही. उद्या थोरल्याने कसेबसे पन्नास लाख भरले, तर तो चौथ्याच्या हिश्श्याचा हिशेब मागायला येऊ शकतो. तेव्हा बँकेकडून ‘थकबाकी नाही’चा दाखला घेताना, त्याच दिवशी, तिघांकडूनही लेखी सोडचिठ्ठी घ्यायची असते.